लिंक रिॲक्शन ही क्रेब्स सायकलची पहिली पायरी नाही

"ग्लायकोलिसिसनंतर पायरुव्हेट क्रेब्स सायकलमध्ये जातं" हे वाक्य नोट्समध्ये, व्हिडिओत, शंका विचारणाऱ्या मुलांच्या मेसेजमध्ये इतक्यांदा दिसतं की आता एकदा नीट लिहूनच टाकते. क्रेब्स सायकलचं दार पायरुव्हेटला उघडत नाही. तिथे प्रवेश ॲसिटाइल कोएला.

ग्लायकोलिसिस तुम्हाला येतं, त्यामुळे थोडक्यात: पेशीद्रवात सहा कार्बनच्या ग्लुकोजची तीन-तीन कार्बनची दोन पायरुव्हेट होतात, आणि तोपर्यंत एकही कार्बन सुटलेला नसतो. मग पायरुव्हेट मायटोकॉन्ड्रियाच्या मॅट्रिक्समध्ये येतं. तिथे पायरुव्हेट डिहायड्रोजनेज नावाचं मोठं एन्झाइम कॉम्प्लेक्स त्यातला एक कार्बन कार्बन डायऑक्साइड म्हणून काढतं, इलेक्ट्रॉन एनएडीकडे देऊन एक एनएडीएच बनवतं आणि उरलेला दोन कार्बनचा तुकडा कोएन्झाइम-ए ला जोडतं, तेच ॲसिटाइल कोए. झाली लिंक रिॲक्शन. यात एटीपी थेट एकही बनत नाही.

घोळ का होतो तेही कळतं, कारण क्रेब्स सायकलही मॅट्रिक्समध्येच चालते आणि तिच्यातसुद्धा कार्बन डायऑक्साइड सुटतो, एनएडीएच बनतं, म्हणजे जागा तीच आणि मालही तोच. पण सायकलची पहिली पायरी म्हणजे ॲसिटाइल कोएतले दोन कार्बन चार कार्बनच्या ऑक्झॅलोॲसिटेटला जोडले जाऊन सहा कार्बनचं सायट्रेट बनणं, आणि फेरा पूर्ण झाला की ऑक्झॅलोॲसिटेट परत मिळतं. लिंक रिॲक्शनमध्ये असं काही परत मिळत नाही. ती सरळ आहे आणि एकेरी आहे, आपल्या शरीरात ॲसिटाइल कोएपासून पुन्हा पायरुव्हेट बनवता येत नाही. म्हणूनच फॅटी ॲसिडच्या ॲसिटाइल कोएमधून शरीराला नफ्यात ग्लुकोज मिळत नाही.

हिशोबातली चूकही इथूनच येते. एका ग्लुकोजमागे सहा कार्बन डायऑक्साइड सुटतात, त्यातले दोन लिंक रिॲक्शनमध्ये आणि चार क्रेब्समध्ये. सहाही क्रेब्सच्या नावावर टाकलेले बघितले की माझं डोकं फिरतं. एनएडीएचही तसंच, लिंकचे दोन, क्रेब्सचे सहा. आणि प्रश्न "प्रति ग्लुकोज" आहे की "प्रति पायरुव्हेट" हे आधी वाचा, प्लीज.

आता हा फरक फक्त मार्कांपुरता नाही हे दाखवणारी केस घेऊ. काही बाळांमध्ये जन्मतःच पायरुव्हेट डिहायड्रोजनेज नीट काम करत नाही, बहुतेकदा एक्स क्रोमोसोमवरच्या एका जीनमधल्या बिघाडामुळे. ग्लायकोलिसिस व्यवस्थित चालू, क्रेब्सची एन्झाइम्स शाबूत, बिघाड फक्त मधल्या जोडावर. मग पायरुव्हेट साचतं, त्यातलं बरंचसं लॅक्टेट होतं आणि रक्त आम्लयुक्त होतं, कार्बोहायड्रेट जास्त दिले तर आणखीनच. मेंदू ग्लुकोजवर चालतो म्हणून सगळ्यात जास्त फटका त्यालाच. रक्तात लॅक्टेट आणि पायरुव्हेट दोन्ही वाढतात पण त्यांचं गुणोत्तर साधारण नॉर्मल राहतं. उलट बिघाड पुढे इलेक्ट्रॉन ट्रान्सपोर्ट चेनमध्ये असेल तर एनएडीएच साचतं, ते पायरुव्हेटला लॅक्टेटकडे ढकलतं आणि सहसा गुणोत्तरच वाढतं, म्हणून डॉक्टर दोन्ही मोजतात.

आणि उपचारात काय देतात? कीटोजेनिक आहार, म्हणजे फॅट भरपूर, कार्बोहायड्रेट अगदी कमी. फॅटी ॲसिड तुटून ॲसिटाइल कोए बनतं ते पायरुव्हेटच्या वाटेने येतच नाही, लिंक रिॲक्शन टाळून थेट सायट्रेट बनवायच्या पायरीला पोचतं. मेंदूला लिव्हरने बनवलेले कीटोन मिळतात, त्यांचंही तिथे ॲसिटाइल कोएच होतं. लिंक रिॲक्शन सायकलचाच भाग असती तर हा वळसा शक्यच नव्हता. अर्थात मेंदूचं आधीच झालेलं नुकसान याने भरून येत नाही.

आता याच्याशेजारी थायमिनची, म्हणजे बी-वन ची तीव्र कमतरता ठेवा. पायरुव्हेट डिहायड्रोजनेजला थायमिनपासून बनणारा कोफॅक्टर लागतो, त्यामुळे इथेही लॅक्टेट वाढतं आणि वरवर चित्र सारखंच दिसतं. पण तोच कोफॅक्टर क्रेब्सच्या आतल्या अल्फा-कीटोग्लुटरेट डिहायड्रोजनेजलाही लागतो, म्हणजे जोड आणि चक्र दोन्ही अडलेत. अशा वेळी फॅटमधून ॲसिटाइल कोए आणून भागत नाही, कारण ते सायकलमध्ये शिरलं तरी पुढे त्याच पायरीशी अडखळतं. तिथे थायमिनच द्यावं लागतं.