आजारपणामुळे असाईनमेंटला मुदतवाढ: प्राध्यापकांना संदेश कसा लिहावा आणि सोबत काय जोडावे

बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी या भागांतील पदवी महाविद्यालयांत आजारपणानंतर विद्यार्थ्याला दोन वेगवेगळ्या गोष्टी मागाव्या लागू शकतात, आणि बहुतेक जण त्या एकाच संदेशात मिसळून टाकतात. पहिली म्हणजे असाईनमेंट उशिरा देण्याची परवानगी, जी विषय शिकवणारे प्राध्यापक स्वतःच्या अधिकारात देऊ शकतात. दुसरी म्हणजे कमी भरलेल्या हजेरीत सूट, जी प्राचार्यांमार्फत पुढे जाते आणि जिच्यासाठी महाविद्यालयाच्या कार्यालयात वेगळा लेखी अर्ज द्यावा लागतो. प्राध्यापकांना पाठवलेल्या संदेशात ‘माझी हजेरीही धरावी’ असे लिहिले की त्यांच्या हातात नसलेली गोष्ट त्यांच्याकडे मागितली जाते आणि जी हातात आहे तीही लांबणीवर पडते. येथे केवळ पहिल्या मागणीची माहिती देत आहे.

हजेरीचा अर्ज आपल्याला खरोखर लागणार आहे का, हे मात्र आधी मोजून पाहावे. पदवी अभ्यासक्रमांत साधारणपणे प्रत्येक विषयाला 75 टक्के हजेरीची अट असते, तर विश्वेश्वरय्या तंत्रज्ञान विद्यापीठाच्या अभियांत्रिकी अभ्यासक्रमांत ती 85 टक्के आहे. एखाद्या विषयाचे सत्रात 60 तास होणार असतील, तर पहिल्या ठिकाणी 15 आणि दुसऱ्या ठिकाणी 9 तास चुकले तरी चालतात. आठवडाभराच्या तापात एका विषयाचे चार-पाच तास बुडतात. म्हणजे आधी दांड्या मारलेल्या नसतील, तर हजेरीचा प्रश्न सहसा उद्भवत नाही आणि मुदतवाढीच्या संदेशात त्याचा उल्लेख करण्याचे कारणही राहत नाही.

मुदतवाढ कोणाला मिळू शकते, याचा सर्वत्र लागू असलेला एक नियम नाही. ती प्राध्यापकांच्या समजुतीवर चालते. तरीही त्यांना एक मर्यादा असते, जी विद्यार्थ्यांना दिसत नाही. अंतर्गत मूल्यमापनाचे गुण ठरावीक मुदतीत ऑनलाइन भरावे लागतात. राणी चन्नम्मा विद्यापीठाशी संलग्न महाविद्यालयांत हे काम राज्याच्या UUCMS या प्रणालीवर होते. ती मुदत संपली की प्राध्यापकांची इच्छा असूनही गुण चढवता येत नाहीत. त्यामुळे सत्राच्या सुरुवातीला आठ दिवस मागणे आणि सत्र संपताना आठ दिवस मागणे या दोन अगदी भिन्न गोष्टी आहेत. दुसऱ्या वेळी आधी ‘इंटर्नलचे गुण कधीपर्यंत भरायचे आहेत?’ हे विचारून, त्याच्या आतलीच तारीख मागावी.

सोबत जोडायची कागदपत्रे

मुख्य कागद म्हणजे नोंदणीकृत डॉक्टरांचे वैद्यकीय प्रमाणपत्र. गोळ्यांच्या पाकिटांचे किंवा हाताला लावलेल्या सलाईनचे फोटो अनेक जण पाठवतात. त्यातून कणव वाटते, परंतु कोणत्या तारखेपासून कोणत्या तारखेपर्यंत विद्यार्थी वर्गात येऊ शकत नव्हता हे त्यातून कळत नाही. प्रमाणपत्रावर आजाराचे नाव, विश्रांतीचा कालावधी, डॉक्टरांची सही, शिक्का आणि वैद्यकीय परिषदेचा नोंदणी क्रमांक असावा. भारतीय वैद्यकीय परिषदेच्या 2002 च्या नियमावलीनुसार डॉक्टरांनी दिलेल्या प्रमाणपत्रांची स्वतंत्र नोंदवही ठेवायची असते आणि प्रमाणपत्रावर रुग्णाची सही व ओळखीची खूण घ्यायची असते. त्यामुळे बरे झाल्यावर पंधरा दिवसांनी, ज्यांच्याकडे उपचार घेतलेच नाहीत अशा डॉक्टरांकडे मागच्या तारखेचा कागद मागायला जाऊ नये. अशा कागदावर तपासणीची आणि सहीची तारीख जुळत नाही, आणि रोज असे कागद पाहणाऱ्या कारकुनाच्या ते पहिल्या नजरेत लक्षात येते.

दाखल व्हावे लागले असेल तर डिस्चार्ज कार्डाची प्रत प्रमाणपत्रापेक्षाही वजनदार ठरते, कारण दाखल झाल्याची आणि सोडल्याची अशा दोन्ही तारखा त्यावर असतात. रक्ततपासणीचा अहवाल जोडण्याची सक्ती सहसा नसते. डेंग्यू किंवा टायफॉइडसारख्या आजारात तो असेल तर जोडावा, परंतु इतर आजारांत आपली खासगी माहिती वर्गभर फिरेल असे कागद देण्याची गरज नाही.

आपल्या भागाच्या दोन अडचणी येथे सांगायला हव्यात. चंदगड, गडहिंग्लज किंवा कागलकडून बेळगाव आणि निपाणीला शिकायला येणाऱ्या मुलांचे उपचार गावाकडे, म्हणजे महाराष्ट्रात होतात आणि प्रमाणपत्रावर महाराष्ट्र वैद्यकीय परिषदेचा नोंदणी क्रमांक असतो. तो डॉक्टर नोंदणीकृत आहे एवढेच पाहायचे असते, त्यामुळे ‘कर्नाटकातले प्रमाणपत्र आणा’ म्हणण्याला आधार नाही. मात्र प्रमाणपत्र मराठीत असेल आणि प्राध्यापक कन्नडभाषक असतील, तर डॉक्टरांना ते इंग्रजीत लिहून द्यायला सांगावे. एका वेळच्या विनंतीने पुढची विचारपूस टळते. दुसरी अडचण नावाची. महाविद्यालयाच्या हजेरीपटात नाव अनेकदा आद्याक्षरांसह असते, घरी आडनाव पुढे लावतात आणि दवाखान्याच्या पर्चीवर घरातले लाडके नाव पडते. पर्ची काढतानाच ओळखपत्र दाखवून नोंदणीतले नाव लिहून घेतले तर हा गोंधळ होत नाही.

एक उदाहरण

खानापूर तालुक्यातील एका गावची बी. कॉम.च्या तिसऱ्या सत्राची विद्यार्थिनी. सप्टेंबरच्या 2 तारखेला ताप आला, 3 तारखेला तालुक्याच्या दवाखान्यात दाखल केले, डेंग्यू निघाला, 7 तारखेला घरी सोडले आणि 10 तारखेपर्यंत विश्रांती सांगितली. कंपनी लेखांकनाची असाईनमेंट 12 तारखेला द्यायची होती. तिचे पाच तास बुडाले. असाईनमेंटमध्ये चार उदाहरणे होती. पहिली दोन तिने आजारी पडण्यापूर्वीच सोडवली होती, तर उरलेली दोन शेअर जप्तीवरची होती आणि नेमका तोच भाग बुडालेल्या तासांत शिकवला गेला होता. त्यात गणपतीचे दिवस. या दिवसांत येणाऱ्या ‘आजारी होतो’ या निरोपाकडे बेळगावात कोणताही शिक्षक थोड्या संशयानेच पाहतो, हे मान्य करायला हवे.

तिने बरे होण्याची वाट पाहिली नाही. 9 तारखेला, म्हणजे मुदतीच्या तीन दिवस आधी, पुढील संदेश ईमेलने पाठवला:

‘आदरणीय सर, सादर नमस्कार. मी बी. कॉम. तिसऱ्या सत्राच्या अ तुकडीची विद्यार्थिनी असून माझा नोंदणी क्रमांक खाली दिला आहे. मला डेंग्यू झाल्यामुळे मी 3 ते 7 सप्टेंबर या काळात दवाखान्यात दाखल होते आणि डॉक्टरांनी 10 सप्टेंबरपर्यंत विश्रांती सांगितली आहे. त्यामुळे आपल्या विषयाचे पाच तास मला उपस्थित राहता आले नाही. 12 सप्टेंबरला द्यायच्या असाईनमेंटमधील पहिली दोन उदाहरणे माझी पूर्ण झाली आहेत. शेअर जप्तीवरील उरलेली दोन उदाहरणे बुडालेल्या तासांतील भागावर असल्याने मी 11 तारखेला वर्गात आल्यावर मैत्रिणीच्या वहीतून तो भाग उतरवून घेणार आहे. तरी मला ही असाईनमेंट 18 सप्टेंबरपर्यंत देण्याची परवानगी द्यावी, ही विनंती. डिस्चार्ज कार्ड आणि वैद्यकीय प्रमाणपत्राची प्रत सोबत जोडली आहे. मूळ कागद 11 तारखेला दाखवीन. आपली विद्यार्थिनी’, आणि खाली पूर्ण नाव, वर्ग, नोंदणी क्रमांक.

या संदेशात वजन आहे ते मधल्या दोन वाक्यांना. काय झाले आहे आणि काय राहिले आहे, हे सांगितल्यामुळे मुदतवाढीची मागणी कामाशी जोडली जाते आणि सहा दिवसच का, याचे उत्तर वेगळे द्यावे लागत नाही. ‘थोडी मुदत मिळावी’ असे लिहिले की तारीख ठरवण्याचे काम प्राध्यापकांवर पडते; साठ मुलांच्या वर्गात ते काम कोणी आनंदाने करत नाही, आणि मग ‘बघू’ असे उत्तर येते. तापाचे, उलट्यांचे, आईच्या काळजीचे वर्णन तिने टाळले, हेही बरे झाले. तारखा आणि कागद बोलत असताना त्याची गरज नव्हती.

भाषेचा प्रश्न आपल्याकडे प्रत्येक वेळी येतो. प्राध्यापक वर्गात मराठीत शिकवत असतील तर संदेश मराठीतच लिहावा. ते कन्नडभाषक असतील आणि व्हरांड्यात आपल्याशी मोडक्या मराठीत मायेने बोलत असतील, तरी लेखी संदेश इंग्रजीत लिहिणे योग्य, कारण तो विभागप्रमुखांनाही दाखवावा लागू शकतो. इंग्रजीतही वाक्ये हीच ठेवावीत. दरखास्तीच्या पुस्तकातली जडजंबाल सुरुवात घालण्याची आवश्यकता नाही.

व्हॉट्सॲपवर लिहायचे असेल तर वर्गाच्या गटात न लिहिता प्राध्यापकांच्या वैयक्तिक क्रमांकावर, तेही त्यांनी तो विद्यार्थ्यांना दिला असेल तरच लिहावे. रात्री अकराला निरोप पाठवून सकाळी आठला ‘सर, पाहिलंत का?’ असे विचारू नये. वर्गप्रतिनिधीमार्फत तोंडी निरोप देणे सर्वांत कच्चे. वाटेत त्याची तारीख बदलते.

संदेश पाठवल्यानंतर

उत्तर आले नाही तर त्याचा अर्थ होकार असा घेऊ नये. दोन दिवसांनी प्रत्यक्ष भेटून, मूळ कागद दाखवून विचारावे, आणि मुदतीच्या दिवशी जेवढे झाले आहे तेवढे देऊन टाकावे. वरील उदाहरणात उत्तर आले नसते, तर 12 तारखेला दोन उदाहरणे देऊन ‘उर्वरित दोन परवानगी मिळाल्यास 18 तारखेला’ असे पहिल्या पानावर लिहिणे हा तिचा मार्ग होता. अर्धी असाईनमेंट शून्यापेक्षा बरी, आणि पुढे तक्रार करायची वेळ आली तर ती वेळेवर दिल्याची नोंद हाती राहते.

तोंडी ‘बरं, दे नंतर’ असे मिळाले, तर त्याच दिवशी ‘आपण 18 सप्टेंबरपर्यंत परवानगी दिल्याबद्दल आभारी आहे’ असे एक वाक्य लिहून पाठवावे. प्राध्यापक सत्राच्या मध्येच बदलून गेले, जे अतिथी प्राध्यापकांच्या बाबतीत नेहमी घडते, तर नव्या प्राध्यापकांना दाखवायला हाच एक कागद असतो. लेखी अर्ज कार्यालयात दिला असेल तर आपल्या प्रतीवर आवक शिक्का आणि तारीख मारून घ्यावी.

नकार आला तर कारण विचारावे, वाद घालू नये. गुण भरण्याची मुदत जवळ असल्याचे कारण असेल, तर सहाऐवजी तीन दिवस किंवा काही गुण कमी करून स्वीकारण्याची विनंती करता येते. गंभीर आजार आणि पूर्ण कागद असूनही अंतर्गत गुणांत शून्य लागणार असेल, तेव्हाच विभागप्रमुखांकडे आणि तेथून प्राचार्यांकडे लेखी जावे. अर्जासोबत प्राध्यापकांना पाठवलेल्या मूळ संदेशाची तारखेसह प्रत लावावी.