पिक्सी कट करायचाय? आधी एक बट मोजा

पिक्सी म्हटलं की सगळे पहिलं चेहऱ्याचं बघतात, आणि त्याची एक सोपी चाचणी आहेच. हनुवटीखाली पेन्सिल आडवी धरायची, कानाच्या पाळीखालून पट्टी सरळ खाली सोडायची, पाळीपासून दोन्ही जिथे भेटतात तिथपर्यंतचं अंतर साधारण ५.७ सेंमीपेक्षा कमी आलं तर आखूड केस शोभतात असं म्हणतात. पण हा नुसता अंदाज आहे, आणि आपल्या कोकणात तरी मी चेहऱ्याआधी केस बघायला सांगेन.

कारण हवा. केस केरॅटिन नावाच्या प्रथिनाचा असतो, त्यातल्या साखळ्या हायड्रोजनच्या बंधांनी धरलेल्या असतात आणि हे बंध पाण्याने सुटतात, वाळताना नव्याने जुळतात. पार्लरच्या एसीत ड्रायर मारला की केस छान सरळ बसतात, मग जुलैत मालवणच्या बाजारात पाऊल टाकलं की हवेतला ओलावा तेच बंध सोडवतो आणि केस आपल्या मूळ वळणावर जातात. लांब केसांना निदान वजन खाली ओढतं, आखूड केसांना ते पण नाही, म्हणून कुरळे केस आणखी वर चढतात.

माझ्या आतेबहिणीचे केस लाटांचे. तिला म्हटलं, केस धू, तेल नको, ड्रायर नको, वाळले की मानेजवळची एक बट मोज. ताणून २० सेंमी, सोडल्यावर १५, म्हणजे पाव भाग आत गेला. आता पार्लरवालीने ओले केस ताणून वर ६ सेंमी ठेवले तर वाळल्यावर दिसणार साडेचार, कदाचित त्याहून कमी. म्हणून लाटांचे किंवा कुरळे केस असतील तर सरळ सांगायचं की कोरड्यावर काप, आणि पहिल्यांदा वरचे ८ तरी ठेव. भोवरा पण बघून घ्या, डोक्यावरचा आणि मानेवरचा दोन्ही, कारण तिथे केस फार आखूड झाले की उभेच राहतात, मग कितीही जेल लावा.

आणि परत वाढवायचे झाले तर? केस महिन्याला साधारण सव्वा सेंमी वाढतो, कापल्याने तो वेग वाढत नाही की केस दाटही होत नाही, टोक बोथट झाल्याने फक्त जाड वाटतो. बहिणीला वरचे केस हनुवटीपर्यंत हवे असतील तर दिसायला २४ सेंमी पाहिजेत, म्हणजे ताणून ३२. पिक्सीत ६ ठेवले तर २६ वाढायचे, जवळपास २१ महिने. तिचं लग्न पुढच्या मे महिन्यात, अंबाडा घालायचाय, मग आत्ता पिक्सी नकोच, खांद्यापर्यंतचा कट पुरे असं मी तिला सांगितलं. वाढवताना मानेवरचे केस मात्र दीड-दोन महिन्यांनी कापत राहावे लागतात, नाहीतर वरचे केस कानापर्यंत यायच्या आत मागे शेपटी लोंबायला लागते.