जुनी कार्बोरेटरची गाडी आणि २० टक्के इथेनॉलचं पेट्रोल
आमच्या टू-व्हीलर गॅरेजच्या ग्राहकांसाठी माहितीपत्रक

"भाऊ, गाडी आते पहिलेसारखी ॲव्हरेज देत नही." काउंटरवर सध्या सगळ्यात जास्त ऐकू येणारं वाक्य हेच आहे. त्यामागोमाग लगेच इथेनॉलचं नाव निघतं. इथेनॉलचा वाटा त्यात आहे, पण बहुतेक वेळा सगळा दोष त्याचा नसतो. कुठला भाग पेट्रोलचा आणि कुठला गाडीचा, ते ओळखता यावं म्हणून हे पत्रक. जळगाव-धुळे भागात १०० ते १५० सीसीच्या, २०२० पूर्वीच्या कार्बोरेटरच्या गाड्या अजून भरपूर चालतात, म्हणून बोलणं मुख्यतः त्यांच्याबद्दलच आहे.

ॲव्हरेज नेमकं किती कमी व्हायला हवं?

२०२२ मध्ये पंपावरच्या पेट्रोलमधलं इथेनॉल १० टक्क्यांवर गेलं आणि २०२५ मध्ये २० टक्क्यांवर. एक लिटर इथेनॉल जळून जी उष्णता मिळते ती पेट्रोलच्या साधारण दोन-तृतीयांश असते. म्हणजे निव्वळ पेट्रोलमध्ये १०० भाग ताकद धरली, तर २० टक्के इथेनॉलच्या पेट्रोलमध्ये सुमारे ९३ भाग उरते. १० टक्केवाल्यात ती ९६ ते ९७ होती. निती आयोगाच्या २०२१ च्या अहवालात जुन्या दुचाकींसाठी ३ ते ४ टक्के घट धरली आहे. आपण ग्राहकाच्या बाजूने पूर्ण ७ टक्के धरू. ६० चं ॲव्हरेज देणारी गाडी मग ५६ वर यायला हवी. ४८-५० वर आली असेल, तर उरलेले सहा-आठ किलोमीटर गाडीतच कुठेतरी गळत आहेत.

ॲव्हरेज मोजताना काट्यावर भरवसा ठेवू नका. टाकी एका ठरावीक खुणेपर्यंत भरा, नेहमीच्या रस्त्यावर दोन-अडीचशे किलोमीटर चालवा, मग त्याच पंपावर त्याच खुणेपर्यंत पुन्हा भरा आणि किलोमीटरला लिटरने भागा. गळ्यापर्यंत मात्र भरू नका. मे महिन्यात उन्हात उभ्या गाडीचं पेट्रोल फुगतं आणि झाकणातून बाहेर येतं.

एक गाडी उघडून पाहू

२०१४ ची १०० सीसीची गाडी, अमळनेर-जळगाव येणंजाणं. ॲव्हरेज ६० वरून ५० वर आलेलं. तक्रार अशी की सकाळी चोक दिल्याशिवाय चालू होत नाही आणि गावाबाहेर पडेपर्यंत चोक अर्धा ठेवूनच चालवावी लागते. उभी केली की पाइपातून थेंब थेंब पेट्रोलही पडतं.

कार्बोरेटरची खालची वाटी उघडली की अशा गाडीत बहुधा पांढरट भुकटी दिसते. इथेनॉल हवेतली आर्द्रता ओढून घेतं, आणि ओलसर इथेनॉल वाटीच्या हलक्या धातूला खातं. ती भुकटी पायलट जेटच्या, म्हणजे स्लो जेटच्या, केसासारख्या बारीक भोकात अडकते. इथेनॉल जुन्या टाकीत साचलेली घाणही सोडवून खाली आणतं, तीही तिथेच येते. भोक अर्धं बंद झालं की आयडलिंगला पेट्रोल कमी पडतं. मग माणूस चोक ओढतो, चोकमुळे गाडी गरजेपेक्षा जास्त पेट्रोल पिते आणि नाव इथेनॉलचं होतं.

थेंब पडत होते त्याचं कारण वेगळं. फ्लोटच्या सुईचं रबरी टोक आणि वाटीचा ओरिंग जुन्या जातीच्या रबराचे असतात, ते इथेनॉलमध्ये फुगून नरम पडतात. सुई नीट बसली नाही की वाटी भरून वाहते. ओरिंग फुगला की तो खाचेत परत बसतच नाही, हे तर डोळ्यांनी दिसतं. पेट्रोल कॉकचं रबर आणि नळीही दाबून पाहावी. चिकट लागली किंवा वाकवल्यावर भेगा दिसल्या, की बदलायची.

या गाडीत जेट साफ करणं, सुई, ओरिंग, नळी आणि फिल्टर बदलणं, शेवटी इंजिन गरम करून पायलट स्क्रू पुन्हा लावणं, एवढंच काम असतं. त्यानंतर ५५-५६ मिळालं, तर ते या पेट्रोलवरचं योग्य ॲव्हरेज समजावं. जेटचं भोक तारेने मोठं करून देणारे मिस्त्री आहेत. त्यांच्याकडून ते करून घेऊ नका, कारण गाडी धूर मारते आणि जेट कायमचा जातो.

एप्रिल २०२३ नंतर बनलेल्या गाड्यांचे रबरी व धातूचे भाग २० टक्क्यांना चालतील असेच दिलेले असतात. २०२० ते २०२३ च्या इंजेक्शनच्या गाड्यांत सेन्सर पेट्रोलचं प्रमाण स्वतः जुळवून घेतो, त्यामुळे तिथे फक्त नळी आणि फिल्टरवर लक्ष ठेवलं तरी पुरतं.

पाणी शिरलं तर

शेतातल्या गाड्यांना पावसाळ्यात हा त्रास जास्त. झाकणाचं रबर कडक झालेलं असतं आणि गाडी चार महिने बांधावर उभी. इथेनॉल थोडं पाणी आपल्यात मुरवून ठेवतं. पाणी वाढलं किंवा थंडी पडली की ते पाण्यासकट पेट्रोलपासून सुटतं आणि तळाला बसतं. टाकीची नळी तळातूनच ओढते, त्यामुळे टाकी भरलेली असूनही गाडी मिसिंग करते आणि बंद पडते.

वाटीच्या खालचा स्क्रू सैल करून थोडं पेट्रोल काचेच्या बाटलीत घ्या आणि दहा-पंधरा मिनिटं ठेवा. मध्ये आडवी रेघ दिसून खाली वेगळा थर बसला, तर टाकी पूर्ण रिकामी करावी लागते, वरून नवीन पेट्रोल टाकून भागत नाही. गाडी महिनाभर उभी राहणार असेल तर कॉक बंद करून याच स्क्रूने वाटी रिकामी करून ठेवा.

पंपावरचं पेट्रोल खरंच २० टक्क्यांचं आहे का, हेही विचारलं जातं. मोजपात्रात ९० मिली पेट्रोल आणि १० मिली पाणी घालून हलवा. इथेनॉल पाण्यात उतरतं आणि खालचा थर २७-२८ मिलीपर्यंत फुगतो. हा ढोबळ अंदाज आहे, पंपावर भांडायला पुरेसा नाही. हे उघड्यावर करा, चूल-बिडीपासून लांब.

धूर आणि पीयूसी

इथेनॉलमध्ये ऑक्सिजन असल्याने जळण जास्त पुरं होतं आणि कार्बन मोनॉक्साइड कमी निघतो. कार्बोरेटरच्या गाडीत हा फरक सगळ्यात ठळक दिसतो. म्हणून पीयूसीच्या कागदावर सीओ कमी आणि एचसी, म्हणजे न जळलेलं पेट्रोल, मात्र वाढलेला दिसला, तर खूश होऊ नका. हवेच्या मानाने पेट्रोल कमी पडून मिश्रण इतकं पातळ झालंय की मधूनमधून ठिणगी पडूनही पेट्रोल न जळता बाहेर पडतंय, असा त्याचा अर्थ असू शकतो. आधी पायलट जेट आणि प्लग पाहावा. प्लगचं टोक पांढरंफटक असेल तर मिश्रण पातळच आहे. इथेनॉलमुळे ॲसिटाल्डिहाइड नावाचा वायू थोडा वाढतो, पण तो पीयूसीच्या यंत्रात मोजलाच जात नाही. नायट्रोजनचे ऑक्साइडही त्यात मोजले जात नाहीत.

तपासणीला येताना टाकी फुल करून आणू नका, पाणी निघालं तर सगळं ओतावं लागेल. बदललेले भाग आम्ही पिशवीत घालून परत देतो, मागून घ्या.