वीसपैकी एकही खराब नाही, म्हणजे लॉट चांगला?

सीएनसी लेथवर स्टीलचे बुश निघत आहेत. आतलं भोक २५ मिलिमीटरचं, एच७ फिटचं, म्हणजे २५.००० ते २५.०२१ मिमी एवढंच चालतं. क्वालिटीवाला हातात प्लग गेज घेतो. गेजचं 'गो' टोक भोकात अलगद, स्वतःच्या वजनाने उतरलं पाहिजे आणि 'नो-गो' टोक तोंडाशीच अडलं पाहिजे. तसं झालं तर पीस ओके, नाहीतर रिजेक्ट. भोक नक्की किती मायक्रॉनने चुकलं हे गेज सांगत नाही, फक्त हो किंवा नाही सांगतं.

समजा ५०० बुशांचा लॉट आहे आणि त्यातून कुठलेही २० उचलून गेज लावलं. विसातला एकही खराब निघाला नाही. लॉट पास करायचा का? बहुतेक ठिकाणी करतात. या 'शून्या'वर किती भरवसा ठेवायचा, ते द्विपद वितरणाच्या गणिताने काढता येतं.

लॉटमध्ये ५ टक्के माल खराब आहे, असं धरू. ग्राहकाच्या असेंब्लीवर एवढा माल गेला तर फोन येणारच. उचललेला एक पीस चांगला असण्याची शक्यता ०.९५. पहिला चांगला, दुसरा चांगला, असे वीसच्या वीस चांगले निघायचे तर ०.९५ ला वीस वेळा गुणायचं. उत्तर येतं ०.३५८. म्हणजे शंभरात पाच पीस खराब असलेला लॉटसुद्धा तीनातून एकदा तरी 'एकही खराब नाही' म्हणून आपल्या हातातून निसटतो. मला तरी हा आकडा पहिल्यांदा पाहिला तेव्हा बराच वेळ खरा वाटेना, म्हणून मी पुन्हा गुणून पाहिला होता.

आता 'नेमका एक खराब' असण्याची शक्यता काढू. एक खराब आणि एकोणीस चांगले, म्हणजे ०.०५ × ०.९५<sup>१९</sup>. ०.९५<sup>१९</sup> होतात ०.३७७, त्यामुळे गुणाकार येतो साधारण ०.०१९. पण ही शक्यता एकाच ठरावीक क्रमाची झाली, उदाहरणार्थ पहिलाच पीस खराब आणि बाकीचे चांगले. खराब पीस सातवा असू शकतो, अठरावाही असू शकतो. अशा वीस जागा आहेत, म्हणून वीसने गुणायचं: २० × ०.०५ × ०.३७७ = ०.३७७.

नेमके दोन खराब हवे असतील तर दोन खराब पिसांच्या जागा निवडायच्या. पहिल्यासाठी २० जागा, दुसऱ्यासाठी १९. पण तिसरा-नववा आणि नववा-तिसरा ही जोडी एकच, म्हणून २० × १९ भागिले २, म्हणजे १९० जोड्या. १९० × ०.०५<sup>२</sup> × ०.९५<sup>१८</sup> = ०.१८९. द्विपद सूत्र म्हणतात ते एवढंच आहे: जागा निवडण्याचे प्रकार, गुणिले खराब निघण्याची शक्यता तेवढ्या वेळा, गुणिले चांगलं निघण्याची शक्यता उरलेल्या वेळा.

'किमान' म्हटलं की मात्र वाट बदलावी लागते. किमान एक खराब म्हणजे एक, दोन, तीन... थेट वीसपर्यंत काहीही. एकेकाची बेरीज करत बसण्यापेक्षा नको असलेलं वजा करणं सोपं. किमान एक = १ − ०.३५८ = ०.६४२. किमान दोन = १ − ०.३५८ − ०.३७७ = ०.२६५, दशांश पुढेपर्यंत ठेवले तर ०.२६४. एक्सेलमध्ये हेच असं लिहितात:

```
=1-BINOM.DIST(1,20,0.05,TRUE)
```

इथे बरेच जण कंसात 1 च्या जागी 2 टाकतात, कारण प्रश्नात 'दोन' आहे. मग वजाबाकीत दोन खराब असलेला प्रसंगही निघून जातो आणि उत्तर 'किमान तीन'चं येतं, ०.०७५. २६ टक्क्यांचे साडेसात टक्के झाले आणि शीटमध्ये कुठेच एरर दिसली नाही. किमान दोन हवेत, तर वजा फक्त शून्य आणि एक करायचे.

हे 'किमान दोन' मी मुद्दाम घेतलं. समजा नियम असा आहे: विसात एक खराब चालेल, दोन किंवा जास्त निघाले तर लॉट परत. १ टक्का खराब असलेला लॉट या नियमाने परत जाण्याची शक्यता १.७ टक्के. चांगला माल उगाच अडत नाही. पण ५ टक्के खराब असलेला लॉट फक्त २६ टक्के वेळा अडतो, आणि १० टक्के खराब असला तरी ६१ टक्केच वेळा. चांगला लॉट अडला तर नुकसान उत्पादकाचं, वाईट लॉट सुटला तर ग्राहकाचं. हे दोन्ही धोके वेगवेगळे मोजायचे, ही मांडणी १९२० च्या दशकात अमेरिकेतल्या बेल टेलिफोन प्रयोगशाळेत हॅरल्ड डॉज आणि हॅरी रोमिग यांनी केली. विसाचा नमुना उत्पादकाला सांभाळतो, ग्राहकाला नाही. ५ टक्के खराब असलेल्या लॉटमध्ये किमान एक खराब पीस ९५ टक्के वेळा तरी सापडावा असं वाटत असेल, तर ५९ पीस तपासावे लागतात.

पण हा सगळा हिशोब एका अटीवर उभा आहे: एक पीस खराब निघाला म्हणून पुढचा खराब निघण्याची शक्यता बदलता कामा नये. लॉटच्या मानाने नमुना छोटा असेल तर ही अट बऱ्यापैकी पाळली जाते. ५०० मधले २० उचलले तर फरक नगण्य. ६० च्या ट्रेमध्ये ३ खराब असतील आणि त्यातून २० उचलले, तर एकही खराब न निघण्याची शक्यता ०.३५८ नसून ०.२८९ असते. तिथे द्विपद वापरू नये.

यापेक्षा मोठी अडचण मशीनवर असते. बोरिंग बारचं इन्सर्ट, म्हणजे भोक कापणारं बदलतं पातं, झिजत गेलं की भोक हळूहळू लहान होतं. मग एका टप्प्यानंतर 'गो' टोक उतरतच नाही, आणि इन्सर्ट बदलेपर्यंत ओळीने पीस खराब निघतात. बिनमध्ये ते एकाच थरात पडतात. वरवरचे वीस उचलणाऱ्याला एकतर सगळे चांगले मिळतात, नाहीतर एकदम पाच-सहा खराब.

हे ओळखायला रजिस्टर पुरतं. विसाचे ५० नमुने घ्या. सरासरी नमुन्यामागे एक खराब असेल आणि द्विपद खरोखर लागू असेल, तर साधारण १८ नमुन्यांत शून्य, १९ मध्ये एक, ९ मध्ये दोन आणि उरलेल्या चारेक नमुन्यांत तीन किंवा जास्त खराब दिसायला हवेत. त्याऐवजी ४० नमुन्यांत शून्य आणि १० मध्ये पाच-पाच खराब दिसले, तर सरासरी तीच, पण विसात किमान पाच खराब निघण्याची द्विपद शक्यता ०.००२६ आहे, म्हणजे चारशे नमुन्यांत एखादा. पन्नासात दहा योगायोगाने येत नाहीत. अशा वेळी नमुन्याचा आकार वाढवत बसू नये. प्रत्येक नमुन्यासमोर वेळ लिहावी, इन्सर्ट कधी बदललं ते लिहावं, आणि पाच-पाचवाले नमुने बदलण्याच्या आधीच्या तासात येतात का ते पाहावं.