नाबाद राहिलेल्या गड्याचा वेळ कसा मोजावा?

खो-खो सामन्यांच्या बातम्यांत ‘1.40 मि. संरक्षण’ अशी नोंद असते. हा आकडा दशांशातला नसून 1 मिनिट 40 सेकंद असा वाचायचा असतो. त्यामुळे 1.40 आणि 2.50 यांची सरासरी 2.15 येते; कॅल्क्युलेटरने सरळ काढल्यास ती 1.95 दिसते. तुलना करायची असेल, तर पाळी सुरू होताच लावलेल्या एकाच घड्याळावर प्रत्येक गडी बाद झाल्याचा क्षण सेकंदांतच टिपावा.

9 मिनिटांची, म्हणजे 540 सेकंदांची एक कल्पित पाळी घेऊ. पहिल्या तुकडीचे तिघे 70, 120 आणि 160 व्या सेकंदाला बाद झाले. दुसरी तुकडी 340 व्या सेकंदाला संपली. तिसऱ्या तुकडीतले दोघे बाद झाले, पण तिसरा गडी पाळी संपेपर्यंत 200 सेकंद नाबाद पळत राहिला. पूर्ण बाद झालेल्या तुकड्यांचीच सरासरी काढली, तर ती 170 सेकंद येते आणि सर्वांत चिवट तुकडी हिशेबातून गळते. तिचे 200 सेकंद ‘पूर्ण वेळ’ म्हणून मिळवणेही चूकच, कारण तो गडी आणखी किती टिकला असता हे घड्याळ सांगत नाही. म्हणून पाळीचा सगळा वेळ घ्यावा आणि त्याला बाद गड्यांच्या संख्येने भागावे: 540 भागिले 8, म्हणजे एका गड्यामागे 67.5 सेकंद. नाबाद गड्याचा वेळ इथे भाज्यात येतो, भाजकात मात्र येत नाही.

याच पद्धतीने ‘वेळ राखून’ जिंकलेल्या सामन्याचाही न्याय्य हिशेब होतो. शेवटच्या पाळीत विजयासाठी 6 गुण हवे असलेल्या संघाने ते 320 सेकंदांत मिळवले, तर 6 हा आकडा 8 पेक्षा लहान असला तरी त्याचे आक्रमण एका गड्यामागे सुमारे 53 सेकंदच घेते. गुणफलकावरून हा वेग कळत नाही.

तरीही 67.5 हा आकडा आक्रमण मंद होते की संरक्षण भक्कम होते, हे एकटा सांगू शकत नाही. त्यासाठी त्याच संरक्षणासमोर स्पर्धेतील इतर संघांनी किती वेळ घेतला, ते पाहावे लागते. इतरांना तिथे सरासरी 54 सेकंद लागले असतील, तर आपले आक्रमण सव्वा पट वेळ घेत होते. साखळीत कमकुवत संघ वाट्याला आलेल्यांचे आकडे या तुलनेनंतरच खरे बोलतात. मात्र साखळीतील तीन सामन्यांत एका संघाला आक्रमणाच्या जास्तीत जास्त सहा पाळ्या मिळतात. त्यांत पन्नासेक गडी बाद झाले, तरी त्या संख्येत निव्वळ योगायोगाने सातेक गड्यांचा चढउतार होऊ शकतो. म्हणून दोन संघांतील दहा टक्क्यांच्या फरकावरून कोणाला वरचढ ठरवणे मला धाडसाचे वाटते.