नैराश्यविरोधी औषधे आणि एमडीएमए: एकत्र आल्यावर होणारे धोके

नैराश्य किंवा चिंताविकारासाठी रोज गोळी घेणाऱ्या व्यक्तीने एमडीएमए, मेफेड्रोन, कोकेन यांसारखा उत्तेजक पदार्थ घेतला तर मेंदूतील सेरोटोनिन या संदेशवाहक रसायनाचे प्रमाण धोकादायक पातळीपर्यंत वाढू शकते. त्यातून उद्भवणाऱ्या विषबाधेला सेरोटोनिन सिंड्रोम म्हणतात. अशा प्रत्येक मिश्रणाचा धोका मात्र सारखा नसतो. काही जोड्यांनी मृत्यू ओढवले आहेत, तर काहींत धोका आडवळणाने येतो आणि म्हणूनच लक्षात येत नाही. ही नोंद मुख्यतः त्या दुसऱ्या प्रकाराबद्दल आहे, कारण आपल्याकडे सर्वाधिक लिहून दिल्या जाणाऱ्या गोळ्या त्यातच मोडतात.

ठाणे आणि नवी मुंबईपुरता एक खुलासा आधीच करायला हवा. इथे बोलताना ‘एमडी’ म्हटले की बहुतेक वेळा मेफेड्रोन अभिप्रेत असते, एमडीएमए नव्हे. ‘म्याव म्याव’ या नावानेही ओळखली जाणारी ही भुकटी २०१५ मध्ये अमली पदार्थविरोधी कायद्याच्या यादीत आली. एमडीएमए, म्हणजे एक्स्टसी, साधारणपणे रंगीत गोळी किंवा खड्यांच्या रूपात मिळते. दोन्ही पदार्थ सेरोटोनिन सोडायला लावतात, पण मेफेड्रोनचा अंमल लवकर उतरतो आणि माणूस रात्रभर पुन्हा पुन्हा घेत राहतो. त्यामुळे रुग्णालयात नुसते ‘एमडी घेतली’ न सांगता भुकटी होती की गोळी, नाकाने घेतली की तोंडाने आणि किती वेळा, एवढे सांगितले तर डॉक्टरांना उपयोग होतो. पुडीत किंवा गोळीत प्रत्यक्षात काय होते हे विकणाऱ्यालाही माहीत असेलच असे नाही.

गोळी घेणाऱ्याला अंमल का जाणवत नाही

चेतापेशी सेरोटोनिन बाहेर सोडते आणि काम झाले की एका वाहक प्रथिनामार्फत ते परत आत ओढून घेते. एस्सिटालोप्राम, सर्ट्रालीन, फ्लुओक्सेटीन, पॅरोक्सेटीन या एसएसआरआय गटातील गोळ्या हा परतीचा दरवाजा अडवतात. एमडीएमए याच दरवाजातून पेशीत शिरते आणि त्याची दिशा उलटी फिरवते, त्यामुळे आत साठलेले सेरोटोनिन एकदम बाहेर लोटले जाते. दरवाजा आधीच अडवलेला असेल तर एमडीएमएला शिरकाव कमी मिळतो. प्रयोगशाळेत निरोगी स्वयंसेवकांना सिटालोप्राम, पॅरोक्सेटीन किंवा फ्लुओक्सेटीन आधी देऊन एमडीएमए दिले, तेव्हा त्याचा मानसिक परिणाम स्पष्टपणे फिका पडला.

म्हणजे नेमाने एसएसआरआय घेणाऱ्याने एकदा एमडीएमए घेतले तर बहुधा काही विशेष जाणवत नाही. यावरून ‘माझ्या गोळीबरोबर ते चालते’ असा निष्कर्ष काढला जातो, आणि खरा धोका या निष्कर्षातूनच सुरू होतो. अंमल जाणवला नाही तरी रक्तातील एमडीएमए कमी झालेले नसते. पॅरोक्सेटीन आणि फ्लुओक्सेटीन यकृतातील सीवायपी२डी६ हे विकर रोखतात. एमडीएमएचे विघटन मोठ्या प्रमाणात याच विकरामुळे होते, म्हणून या गोळ्यांबरोबर त्याची रक्तातील पातळी उलट वाढते. अशा वेळी ‘काहीच होत नाही’ म्हणून दुसरी, तिसरी गोळी घेतली की मनावर फारसा परिणाम न दिसताही शरीर तापत जाते आणि हृदयावर ताण येतो.

दुसरी चूक म्हणजे पार्टीच्या आधी दोन-चार दिवस औषध बंद ठेवणे. एस्सिटालोप्राम आणि सर्ट्रालीनचे अर्धे प्रमाण शरीराबाहेर जायला एक दिवसाहून थोडा जास्त वेळ लागतो, तर फ्लुओक्सेटीन आणि त्यापासून बनणारा सक्रिय घटक आठवडे रेंगाळतात. त्यामुळे दोन दिवसांत संरक्षण किती उरले आणि औषध किती उरले, याचा घरी बसून अंदाज बांधता येत नाही. औषध अचानक थांबवल्याने चक्कर, डोक्यात विजेचा झटका बसल्यासारखी संवेदना, चिडचिड आणि झोपमोड होते. नैराश्य उलटण्याचा धोका तर असतोच, आणि एमडीएमएनंतरचे दोन-तीन उदास दिवस नेमके त्यातच येऊन पडतात. ज्याला आत्महत्येचे विचार येऊन गेले आहेत त्याच्यासाठी हा काळ विषबाधेइतकाच घातक ठरू शकतो.

जिथे प्रमाणाचा प्रश्नच उरत नाही

मोनोअमाइन ऑक्सिडेझ हे विकर सेरोटोनिन नष्ट करते. ते रोखणारे औषध अंगात असताना एमडीएमए घेतले तर बाहेर लोटलेले सेरोटोनिन नष्ट करण्याची वाटच बंद होते. मोक्लोबेमाइड हे या गटातील नैराश्यविरोधी औषध आणि एमडीएमए एकत्र घेतल्याने झालेल्या चार मृत्यूंची नोंद फिनलंडमधून २००३ मध्ये प्रसिद्ध झाली. ही जोडी कोणत्याही प्रमाणात जिवावर बेतू शकते.

आपल्याकडे नैराश्यासाठी ही औषधे क्वचितच दिली जातात. पण लिनेझोलिड हे प्रतिजैविकही मोनोअमाइन ऑक्सिडेझ रोखते, आणि औषधांना दाद न देणाऱ्या क्षयरोगात ते महिनोन्महिने चालू असते. क्षयरोगाच्या रुग्णाला ‘नैराश्याची गोळी घेता का’ असे विचारले जाते, तर तो नाही म्हणतो, आणि लिनेझोलिडचा विषयच निघत नाही. पार्किन्सनसाठीचे सेलेजिलीन आणि रासाजिलीनही याच कुळातले.

तिसरे औषध: एक उदाहरण

एसएसआरआय आणि एमडीएमए या दोघांत तिसरे सेरोटोनिन वाढवणारे औषध आले की गणित बदलते. पुढचे उदाहरण समजावण्यासाठी रचलेले आहे.

घणसोलीत राहणारा २७ वर्षांचा तरुण सात महिने रोज १० मिलिग्रॅम एस्सिटालोप्राम घेतो. पाठदुखीसाठी आठवड्यापूर्वी त्याला ट्रामाडोल मिळाले आहे. ऑक्टोबरातल्या एका रात्री तो मित्राच्या घरी एक्स्टसीची गोळी घेतो. काही जाणवत नाही, म्हणून दीड तासाने दुसरी घेतो. तासाभरात त्याला दरदरून घाम फुटतो, जबडा आवळतो, पातळ संडास होते, एका जागी बसवत नाही. मित्रांना वाटते, चढली असेल आणि उकाड्याने जीव घाबरा झाला असेल. आणखी तासाभरात त्याचे पाय थरथरू लागतात, बुबुळे आडवी हिसके देतात, आणि अंग ३९.४ अंश सेल्सिअसपर्यंत तापते.

रुग्णालयात डॉक्टर त्याचा गुडघा किंचित वाकवतात आणि पाऊल झटक्यात वरच्या दिशेला दाबून धरतात. पाऊल आपोआप ठेक्यात हलत राहते. यालाच क्लोनस म्हणतात. सेरोटोनिन वाढवणारा पदार्थ घेतल्याची माहिती, दाबल्यावर दिसणारा क्लोनस आणि जोडीला घाम किंवा अस्वस्थता एवढ्यावर हंटर निकषांनुसार सेरोटोनिन सिंड्रोमचे निदान होते. त्यासाठी रक्तातील सेरोटोनिन मोजण्याचा काही उपयोग नसतो. रक्ततपासणी केली जाते ती स्नायू फुटून मूत्रपिंडावर भार आला आहे का, सोडियम घसरले आहे का, हे पाहण्यासाठी.

इथे कळीची गोष्ट म्हणजे खिशात सापडलेली ट्रामाडोलची पट्टी. ट्रामाडोल वेदनाशामक असले तरी सेरोटोनिनचा परतीचा मार्ग अडवते आणि आकडी येण्याची शक्यताही वाढवते. कोरड्या खोकल्याच्या अनेक सिरपमधले डेक्स्ट्रोमेथॉर्फन हेही असेच सहज नजरेतून सुटणारे औषध आहे. ‘कोणती औषधे चालू आहेत’ या प्रश्नाच्या उत्तरात लोक खोकल्याचे औषध मोजत नाहीत.

लक्षणे बहुतेक रुग्णांत सहा तासांच्या आत दिसतात. पावसाळ्यात ताप आणि थरथर म्हणजे मलेरिया किंवा डेंगी असे समजून पॅरासिटामॉल देऊन वाट पाहिली जाते. पण हा ताप स्नायूंच्या सततच्या आकुंचनातून येतो, त्यामुळे पॅरासिटामॉलने तो उतरत नाही. पाय हातांपेक्षा जास्त ताठर असणे, बाहुल्या विस्फारलेल्या असणे आणि घामाने अंग भिजलेले असणे या खुणा एकत्र दिसल्या तर सकाळ होण्याची वाट पाहू नये.

दमट हवा आणि पाणी

खाडीलगतच्या दमट हवेत घाम सुकत नाही, आणि घाम सुकला नाही तर शरीर थंड होत नाही. बंद हॉलमध्ये तासन्‌तास नाचणाऱ्याच्या बाबतीत हा धोका वाढतो. त्यावर ‘भरपूर पाणी पी’ हा सल्ला मात्र उलटू शकतो. एमडीएमए शरीरात पाणी धरून ठेवणारे संप्रेरक वाढवते, आणि एसएसआरआय गोळ्याही काहींमध्ये तेच करतात. त्यावर लिटरवारी साधे पाणी पोटात गेले तर सोडियम घसरून मेंदूला सूज येते. डोकेदुखी, उलटी, गोंधळल्यासारखे वागणे आणि मग आकडी, असा त्याचा क्रम असतो. तहान लागेल तसे घोट घोट पाणी पुरेसे आहे.

इतर जोड्या

व्हेन्लाफॅक्सीन आणि ड्युलोक्सेटीन ही नैराश्यविरोधी औषधे सेरोटोनिनबरोबर नॉरअड्रिनलीनही वाढवतात, म्हणून कोणत्याही उत्तेजकाबरोबर रक्तदाब आणि नाडीवर लक्ष ठेवावे लागते. बुप्रोपियॉनबरोबर मुख्य भीती आकडीची असते. अमिट्रिप्टिलीनसारख्या जुन्या ट्रायसायक्लिक औषधांबरोबर कोकेन घेतल्यास हृदयाची लय बिघडू शकते. एडीएचडी या अवधान-विकारासाठी डॉक्टरांनी दिलेले मेथिलफेनिडेट मात्र या रांगेत बसवू नये. त्याचा सेरोटोनिनवरचा परिणाम अल्प असतो आणि देखरेखीखाली ते एसएसआरआयबरोबर दिले जाते.

उपचार होईपर्यंत आणि नंतर

१०८ वर फोन करावा, किंवा जवळच्या मोठ्या रुग्णालयात न्यावे, मग ते कळव्याचे छत्रपती शिवाजी महाराज रुग्णालय असो वा वाशीचे महापालिका रुग्णालय. तोवर जाड कपडे काढावेत, अंग ओल्या फडक्याने पुसून पंखा लावावा, आणि शुद्ध हरपत असेल तर कुशीवर झोपवावे. हातपाय धरून किंवा बांधून ठेवू नयेत. झटापटीत स्नायू आणखी तापतात. औषधांच्या सगळ्या पट्ट्या सोबत घ्याव्यात. रुग्णालय पोलिसांकडे नोंद करील या भीतीने कित्येकदा उशीर होतो. विषबाधेच्या संशयात वैद्यकीय-कायदेशीर नोंद होऊ शकते, हे खरे आहे, पण ४१ अंशांपुढे गेलेल्या तापात तास वाया घालवणे हा त्यावरचा उपाय नव्हे.

उपचाराचा कणा म्हणजे सेरोटोनिन वाढवणारी सगळी औषधे थांबवणे, लोराझेपाम किंवा डायझेपामसारखी औषधे, सलाइन आणि थंडावा. ताप ४१ अंशांच्या वर गेला तर स्नायू शिथिल करून कृत्रिम श्वसनावर ठेवावे लागते. सायप्रोहेप्टाडीन, जे आपल्याकडे भूक वाढवण्यासाठी दिले जाते, सेरोटोनिनला काही प्रमाणात अडवते. डॉक्टर ते पूरक म्हणून देतात, पण त्याच्या भरवशावर रुग्णाला घरी ठेवता येत नाही. शामक म्हणून हॅलोपेरिडॉल किंवा क्लोरप्रोमाझीन टाळलेले बरे.

कारण दूर झाल्यावर बरेच रुग्ण २४ तासांत सावरतात, मात्र फ्लुओक्सेटीनसारखे लांब रेंगाळणारे औषध असेल तर जास्त वेळ लागतो. वरच्या उदाहरणातील तरुणाचे ट्रामाडोल कायमचे बंद होईल, पण एस्सिटालोप्राम केव्हा आणि किती मात्रेने पुन्हा सुरू करायचे हे मानसोपचारतज्ज्ञाने ठरवायचे असते. त्याने स्वतःहून दुसऱ्याच दिवशी पूर्ण मात्रा घेणे चूक, आणि घाबरून ते कायमचे सोडून देणेही चूक. मधल्या दिवसांत मनःस्थिती ढासळली तर टेलि-मानसचा १४४१६ हा क्रमांक चोवीस तास उपलब्ध असतो आणि तिथे मराठीत बोलता येते. व्यसनमुक्तीसाठी स्वतःहून शासनमान्य केंद्रात जाणाऱ्या व्यसनी व्यक्तीला अमली पदार्थविरोधी कायद्याच्या कलम ६४-अ खाली सेवनाच्या गुन्ह्यातून संरक्षण मिळू शकते, मात्र त्यासाठी उपचार पूर्ण करावे लागतात.