34 फुटांच्या खाली: सबमर्सिबल की जमिनीवरचा पंप, या प्रश्नामागची गोष्ट

बोअरमधलं पाणी खाली गेलं आणि जमिनीवरचा मोनोब्लॉक पंप हवा घ्यायला लागला, की पहिला विचार मोठी मोटर बसवण्याचा येतो. 1 एचपीने ओढत नसेल तर 2 एचपीने ओढेल, असा साधा हिशेब असतो. पंप पाणी ओढतो, ही समजूतच मुळात चुकीची असल्यामुळे तो हिशेब फसतो. ही समजूत जुनी आहे आणि ती मोडायला सतराव्या शतकातली मोठी डोकी खर्ची पडली आहेत.

गॅलिलिओने 1638 साली छापलेल्या आपल्या शेवटच्या ग्रंथात एका हौदावरच्या पंपाचा प्रसंग दिला आहे. हौदात पाणी भरपूर असेपर्यंत पंप छान चालायचा, पातळी ठरावीक मापाखाली गेली की बंद पडायचा. पंप बिघडला असं समजून कारागिराला बोलावलं, तर तो म्हणाला की पंपात दोष नाही. पाणी 18 हातांपेक्षा खाली असेल तर या जातीचा कुठलाही पंप, लहान असो वा मोठा, ते केसभरही जास्त वर चढवणार नाही. हे 18 हात म्हणजे आजचे साधारण 34 फूट. मर्यादा कारागिराला पक्की ठाऊक होती, कारण मात्र गॅलिलिओलाही नीट सापडलं नाही. लांब दोर स्वतःच्या वजनाने तुटावा तसा पाण्याचा खांब तुटतो, असं त्याने मानलं.

खरं कारण त्याचा सहकारी तोरिचेल्लीने 1644 मध्ये एका पत्रात मांडलं. पाण्याऐवजी पाऱ्याने भरलेली नळी पाऱ्याच्या भांड्यात उलटी धरली, तर पारा सुमारे 76 सेंटिमीटरवर थांबतो. पारा पाण्याच्या साडेतेरा पटींहून थोडा जड, त्यामुळे तेवढ्याच पट उंच पाण्याचा खांब धरला तर तो 10.3 मीटर, म्हणजे तेच 34 फूट भरतो. म्हणजे नळीतला द्रव वरून कोणी ओढत नाही. बाहेरच्या द्रवावर हवेचं वजन पडतं आणि ते त्याला नळीत ढकलतं. 1648 मध्ये पास्कालच्या सांगण्यावरून त्याच्या मेव्हण्याने अशी नळी फ्रान्समधल्या प्वी द दोम या डोंगरावर नेली. माथ्यावर पारा खाली उतरलेला दिसला. वर हवा कमी, म्हणून ढकलणारा जोरही कमी.

जमिनीवरच्या पंपाचा निकाल इथेच लागतो. पंप फक्त सक्शन पाइपातली हवा काढून जागा रिकामी करतो, पाणी वर आणायचं काम बाहेरची हवा करते. तिचा जोर सगळ्यांसाठी तेवढाच, मग मोटर कितीही एचपीची असो. आणि 34 फूट हे समुद्रसपाटीवरचं कागदी माप आहे. हजार मीटर उंचीच्या जागी त्यातले साधारण 4 फूट आपोआप कमी होतात. फूटव्हॉल्व्ह, एल्बो आणि पाइपाचं घर्षण आणखी काही फूट खातं. कोमट पाण्याची वाफ लवकर होते, त्यातही फूट-दीड फूट जातो. शिवाय इंपेलरच्या, म्हणजे पंपात फिरणाऱ्या चाकाच्या, तोंडाशी थोडा दाब शिल्लक राहावा लागतो, नाहीतर तिथे कमी दाबामुळे पाणी उकळून बुडबुडे होतात आणि पंपातून खडी फिरल्यासारखा आवाज येऊ लागतो. ही सगळी वजाबाकी केली की हातात 20 ते 24 फूट उरतात. त्यापलीकडे भरवसा नाही.

तिथून पुढे तीनशे वर्षांची खटपट एकाच दिशेने गेली: पाणी पंपाकडे येत नसेल तर पंप पाण्याकडे न्यायचा. खाणीतल्या लोकांनी हे कारण कळायच्या आधीच सुरू केलं होतं. 1556 मध्ये प्रसिद्ध झालेल्या ॲग्रिकोलाच्या खाणविद्येच्या ग्रंथात एकाखाली एक बसवलेले पंप चित्रांसह दाखवले आहेत. खालचा पंप पाणी मधल्या टाकीत टाकतो, तिथून वरचा उचलतो. पुढे सेंट्रिफ्यूगल पंप आले तेव्हा ते विहिरीत ओटा किंवा खड्डा करून पाण्याच्या जवळ बसवले गेले. पातळी उतरली की पंप खाली, चढली की वर. ऐन वेळी पाणी वाढलं की मोटर बुडायची. आणि इंजिनच आत उतरवलं असेल तर धूर साचून माणसं गुदमरायची. हा धोका आजही तसाच आहे, विहिरीत इंजिन चालवू नये.

पण हे सगळं रुंद विहिरीत. सहा इंची बोअरमध्ये ओटा कसला करणार? तिथे आधी व्हर्टिकल टर्बाइन पंप आला: इंपेलरची माळ पाण्यात, मोटर वर आणि मधे लांबलचक शाफ्ट. मोठ्या उपशासाठी तो आजही उत्तम, पण बोअर सरळ हवी. थोडी वाकडी असली तर शाफ्टची बेअरिंगं घासून संपतात. दुसरा मार्ग जेट पंपाचा. त्यात मोटर वरच राहते आणि बोअरमध्ये दोन पाइप जातात. एकातून दाबाचं पाणी खाली पाठवायचं, ते नोझलमधून सुटताना आसपासचं पाणी सोबत घेऊन दुसऱ्या पाइपाने वर येतं. 34 फुटांची अडचण यात सुटते. पण वर आलेल्या पाण्याचा मोठा हिस्सा पुन्हा खाली पाठवावा लागतो आणि खोली वाढत जाईल तसा हाती लागणारा उपसा आटत जातो. घरगुती वापराला, 70–80 फुटांपर्यंत, चालून जातं.

तिसरा मार्ग, म्हणजे सबमर्सिबल, ऐकायला वेडेपणाचा होता: विजेची मोटरच पाण्यात सोडायची. तिफ्लिसमध्ये, म्हणजे आजच्या तिबिलिसीत, जन्मलेल्या आर्मेस आरुतुनॉफने हे काम हाती घेतलं आणि अमेरिकेत जाऊन 1920 च्या दशकाच्या अखेरीस त्याचा असा पंप कॅन्ससमधल्या तेलविहिरीत चालवला. पाण्याच्या बोअरमध्ये ही जात नंतर रुळली. अडचणी बघितल्या तर उशीर का झाला ते समजतं. बोअरमध्ये मावायला मोटर बारीक आणि लांब करावी लागते. आत पाणी शिरू द्यायचं नाही, किंवा मोटर मुद्दाम पाण्याने भरून वाइंडिंगला जलरोधक आवरण द्यायचं. इंपेलरच्या सगळ्या माळेचा खाली येणारा दाब पेलायला तळाशी थ्रस्ट बेअरिंग लागतं. आणि मोटर थंड ठेवायची ती भोवतीने वाहणाऱ्या पाण्यानेच. इतकं जमल्यावर मिळालं असं यंत्र, जे पाणी ओढत नाही, फक्त ढकलतं. ढकलण्याला हवेच्या वजनाची मर्यादा नाही. आणखी उंच ढकलायचं तर आणखी स्टेज, म्हणजे माळेत आणखी इंपेलर, लावायच्या आणि त्या मापाची मोटर द्यायची.

आता एक हिशेब मांडून बघू. 200 फुटांची बोअर आहे आणि रात्रभर पंप बंद ठेवल्यावर पाणी 22 फुटांवर दिसतं. 22 म्हणजे मर्यादेच्या आत, म्हणून 1 एचपीचा मोनोब्लॉक बसवला. सक्शनवर व्हॅक्यूम गेज लावलं तर सुरुवातीला काटा पाऱ्याच्या 20 इंचांच्या आसपास दिसेल. हळूहळू तो 25 कडे सरकतो, खडखड सुरू होते, धार तुटते आणि पंप पाणी द्यायचा थांबतो. तासाभराने पंपात पाणी भरून, म्हणजे प्रायमिंग करून, परत चालू केला की तीच कथा. कारण 22 फूट ही बंद पंपाची पातळी आहे. उपसा सुरू झाला की पाणी उतरतं आणि आत येणाऱ्या झऱ्याशी बरोबरी होईपर्यंत उतरत राहतं. निर्णय घ्यायचा तो या चालू पातळीवर, पण बहुतेक जण दोरीला दगड बांधून सकाळची पातळी मोजतात आणि तिथेच फसतात. इथे 2 एचपी लावली तर उपसा वाढून पाणी आणखी झपाट्याने उतरेल आणि धार आधीपेक्षा लवकर तुटेल.

याच बोअरची उपसा चाचणी घेतली आणि सेकंदाला 1 लिटर काढताना पाणी 70 फुटांवर स्थिरावलं, असं समजू. कोरड्या महिन्यांसाठी ती पातळी 90 धरू. टाकी जमिनीपासून 25 फूट उंच, पाइपाचं घर्षण 10 फूट. या सगळ्याची बेरीज म्हणजे एकूण हेड 125 फूट, म्हणजे 38 मीटर. सेकंदाला 1 लिटर पाणी एवढं चढवायला 9.81 गुणिले 38, म्हणजे साधारण 373 वॉट लागतात. पंपाची कार्यक्षमता निम्मी धरली तर मोटरने शाफ्टवर 746 वॉट द्यायला हवेत, म्हणजे बरोबर 1 एचपी. जी ताकद वर बसून 22 फुटांवरच्या पाण्यापुढे हरली, तीच खाली उतरल्यावर 125 फुटांचं काम करते. पंप 130 फुटांवर टांगला तर वाईट दिवसांतही डोक्यावर 40 फूट पाणी राहतं आणि तळाचा गाळ बराच लांब राहतो. हेडमध्ये पंप कुठे टांगला ती खोली धरायची नसते, धरायची ती पाण्याची चालू पातळी. हा घोळ इतका सर्रास होतो की गरज नसताना जास्त स्टेजचा पंप गळ्यात पडतो. कमी हेडवर तो जास्त पाणी फेकतो आणि बोअर लवकर कोरडी करतो.

सबमर्सिबलची खोड दुरुस्तीत आहे. खाली बिघाड केवढाही असो, सगळा पाइप वर काढावा लागतो. म्हणून वरूनच त्याची नाडी बघायची ती अँपिअरवरून. बसवल्या दिवशीचा आकडा पॅनेलच्या झाकणावर लिहून ठेवावा. पुढे अँपिअर त्याखाली बरेच उतरले तर बहुधा पंप कोरडा चालतोय किंवा हवा घेतोय, ताबडतोब बंद करावा. चढले आणि व्होल्टेज मात्र नेहमीइतकं असेल, तर वाळू अडकली आहे किंवा बेअरिंग जातंय. रुंद विहिरीत हाच पंप नुसता सोडला तर पाणी मोटरला न शिवता थेट तिच्या वरच्या जाळीत शिरतं. मोटर पाण्यात बुडलेली असूनही तापते. तिथे मोटरभोवती पाइपाचं आवरण घालून पाण्याला खालून, मोटरला घासून यायला भाग पाडतात. बोअरमध्ये झरा पंपाच्या वर फुटत असेल तेव्हाही हेच करावं लागतं.

रुंद विहीर असेल, चालू पातळी वर्षभर 20 फुटांच्या आत राहत असेल आणि पाण्यात थोडी वाळू येत असेल, तर जमिनीवरचाच पंप घ्यावा. तो पान्याने उघडता येतो, ग्लँड गळली तर डोळ्यांना दिसते आणि वाळूने इंपेलर झिजला तरी बदलायला क्रेन लागत नाही.